काचेवरची रेघ आणि रबराची धार

गेल्या जूनमध्ये ताम्हिणी उतरत असताना माझ्या गाडीच्या काचेवर एक रेघ उमटायला लागली. बोटभर जाडीची, पाण्याची, बरोबर डोळ्यांसमोर. वायपर वर गेला की रेघ दिसायची, खाली आला की पुसली जायची. पुन्हा वर, पुन्हा रेघ. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा त्या रेघेत शिरला की त्याचे दोन-तीन तुकडे व्हायचे. माणगावपर्यंत मी मान डावीकडे कलवून गाडी चालवली आणि गावात शिरताच पहिलं दिसलेलं गॅरेज गाठलं.

तिथल्या काकांनी वायपरला हातही न लावता आधी विचारलं, "साहेब, रेघ जाताना पडते का येताना?"

"जाताना. येताना पुसली जाते."

"मग धारेची एकच बाजू गेलीय."

त्यांनी टेप मागवला. आर्म ज्या नटाभोवती फिरतो तिथून काचेवरच्या रेघेपर्यंत अंतर मोजलं, ते 31 सेंटिमीटर भरलं. मग आर्म उभा केला, त्याच नटापासून ब्लेडवर 31 सेंटिमीटर मोजले आणि त्या जागी रबराच्या कडेवरून अंगठ्याचं नख अलगद फिरवलं. नख अडकलं. तिथे तांदळाच्या कणीएवढा काप गेलेला होता आणि त्यात वाळूचा एक कण रुतून बसला होता.

ही युक्ती साधी भूमिती आहे. वायपर एका खुंटीभोवती फिरतो, त्यामुळे ब्लेडवरचा प्रत्येक बिंदू काचेवर त्या खुंटीपासून ठरलेल्या अंतरावरच कंस काढतो. रेघ कंसाच्या आकाराची असेल तर दोष ब्लेडमध्ये आहे आणि खुंटीपासून मोजलं की नेमका कुठे आहे तेही सापडतं. ब्लेड कसंही फिरलं तरी काचेवर त्याच ठिकाणी डाग राहत असेल, तर रबराला दोष देऊन उपयोग नाही, दोष काचेचा आहे. पण काकांचा पहिला प्रश्न मला जास्त आवडला. रेघ जाताना पडते की येताना, यावरून इतकं कसं कळतं? त्यासाठी रबराची धार म्हणजे काय ते पाहावं लागतं.

वायपरचं रबर आपण एक काळी पट्टी म्हणून ओळखतो. ते आडवं कापून पाहिलं तर वर जाडसर डोकं दिसतं, ते फ्रेमच्या आकड्यांत अडकतं. त्याच्या खाली एकदम बारीक झालेली मान असते, आणि मानेखाली काचेला टेकणारी पातळ पट्टी. ही पट्टी टोकाशी मिलिमीटरहूनही कमी जाडीची असते. टोक गोल नसतं, काटकोनात कापलेलं असतं, म्हणजे त्याला दोन कोपरे असतात. ही काटकोनी कड साच्यातून थेट मिळत नाही. दोन रबरं टोकाला टोक जोडून एकत्र तयार करतात आणि मग मधोमध कापून वेगळी करतात. जी ताजी कापलेली कड उरते, तिच्यावर वायपरचं सगळं काम चालतं.

वायपर चालू झाला की काचेच्या घर्षणामुळे हे टोक मागे रेंगाळतं, मान वाकते आणि पट्टी काचेशी साधारण 45 अंशांत कलते. कलली की दोनपैकी एकच कोपरा काचेला टेकतो. दुसऱ्या टोकाला पोचून वायपर उलटा फिरला की मान विरुद्ध बाजूला पालटते, पट्टी दुसरीकडे कलते आणि आता दुसरा कोपरा टेकतो. म्हणजे जाताना एक धार काम करते, येताना दुसरी. काप एकाच कोपऱ्यावर असेल तर रेघ एकाच दिशेला पडणार आणि परतीच्या फेरीत दुसरी धार ती पुसून टाकणार. काकांनी गाडीकडे न पाहता दिलेलं निदान यातूनच आलेलं होतं.

हा कल महत्त्वाचा आहे. पट्टी अगदी सरळ उभी राहिली तर तिचं टोक काचेत रुतल्यासारखं होतं आणि अडखळतं. फार आडवी झाली तर धारेऐवजी पट्टीचा सपाट पोट काचेवर घासतो आणि पाणी कापलं न जाता नुसतं फासलं जातं. चांगली धारही पाणी पूर्ण काढत नाही. तिच्यामागे पाण्याचा एक अतिशय पातळ थर उरतो, पण तो एकसारखा असतो आणि क्षणात उडून जातो, म्हणून आपल्याला काच कोरडी भासते. थर जाड राहिला किंवा कमी-जास्त राहिला की त्यातून येणारा उजेड वाकडातिकडा होतो आणि आपण म्हणतो, वायपर रेघा मारतोय.

रेघा सगळ्या सारख्या नसतात, आणि त्यांचं रूप पाहूनच बरंच कळतं. माझ्यासारखी एकच ठसठशीत रेघ असेल तर काप किंवा रुतलेला कण. आधी ओल्या फडक्याने धार टोकापासून टोकापर्यंत पुसून पाहावी. कण निघाला आणि रेघ गेली तर खर्च शून्य. केसासारख्या बारीक पुष्कळ रेघा एकदम दिसल्या तर धार म्हातारी झाली आहे, ती कडक होऊन तिला बारीक चिरा गेल्या आहेत. तीन-चार बोटं रुंदीचा पट्टाच्या पट्टा पुसला जात नसेल तर रबर नव्हे, दाब पाहायचा. आर्ममधली स्प्रिंग ब्लेडच्या दर सेंटिमीटर लांबीला साधारण 15 ग्रॅम भार देईल अशी योजना असते. 50 सेंटिमीटरच्या ब्लेडवर हे पाऊण किलो झालं. हा भार काचेच्या गोलाईवर सगळीकडे सारखा पोचवायचं काम जुन्या पद्धतीच्या धातूच्या फ्रेममध्ये एकात एक अडकवलेले सांधे करतात, आणि नव्या बिनसांध्याच्या ब्लेडमध्ये आत घातलेली बाक दिलेली पोलादी पट्टी. कोकणात खाऱ्या हवेने सांधे गंजून आखडतात. बिनसांध्याचं ब्लेड दुसऱ्याच गाडीच्या काचेच्या बाकाचं असेल तर त्याची टोकं उचललेली राहतात किंवा मध्ये पोकळी राहते. त्या जागी कितीही नवं रबर घातलं तरी पट्टा तसाच राहणार.

काकांकडे माझ्या मापाचं रबर नव्हतं. मग त्यांनी जे केलं ते मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं. माझं ब्लेड साधं, धातूच्या फ्रेमचं होतं. त्यांनी रबर आत घातलेल्या दोन बारीक पोलादी पट्ट्यांसकट आकड्यांतून सरकवून काढलं, टोकाचं टोक फिरवून उलटं घातलं आणि ते जागेवर राहावं म्हणून शेवटचा आकडा पकडीने जरासा दाबला. माझ्या ब्लेडचं आतलं टोक खुंटीपासून 20 सेंटिमीटरवर होतं, बाहेरचं 70 वर. 31 वर असलेला काप आतल्या टोकापासून 11 सेंटिमीटरवर होता. उलटल्यावर तो बाहेरच्या टोकापासून 11 सेंटिमीटरवर गेला, म्हणजे खुंटीपासून 59 वर. रबर फिरवल्यामुळे कोपऱ्यांचीही अदलाबदल झाली. पावसात वायपर लावून पाहिला, तर रेघ आता काचेच्या वरच्या भागात होती आणि जाताना नव्हे, येताना पडत होती. डोळ्यांसमोरची जागा मोकळी झाली होती.

"पुण्यात गेल्यावर बदला. हे तात्पुरतं आहे," काका म्हणाले आणि पैसे घेईनात.

पुण्याला परतल्यावर मी दोन्ही ब्लेड नवी बसवली. रेघ गेली आणि तिच्या जागी आवाज आला. पाऊस जोरात असताना वायपर गुपचूप चालायचे. पाऊस रिमझिम झाला की दर फेरीला थर्रर्र, थर्रर्र. सायकलच्या आऱ्यांमध्ये पत्ता अडकवल्यासारखं. काचेवर कंसाला छेद देणारे एकमेकांजवळचे ओले पट्टे उमटायचे. दुकानदाराने दुसरी जोडी लावून दिली, तरी तेच. नव्या रबराने थरथरावं, हे मला तेव्हा अन्यायाचं वाटलं.

शाळेत फळ्यावर तुटक रेघ काढणारे शिक्षक आठवतात का? खडू उलट्या कलाने धरून पुढे ढकलला की तो टक-टक-टक उड्या मारत ठिपक्यांची ओळ काढतो. खडू टोकाशी अडकतो, हात पुढे जात राहतो, ताण वाढतो, खडू सुटतो, उडी मारतो, पुन्हा अडकतो. वायपरचं थरथरणं नेमकं हेच आहे. फरक इतकाच की इथे ताण खडूऐवजी रबराच्या मानेत आणि आर्ममध्ये साठतो. एका सेकंदात हे अडकणं-सुटणं शंभरच्या आत असतं तेव्हा आपल्याला थर्रर्र ऐकू येतं आणि डोळ्यांना पट्टे दिसतात. तेच सेकंदाला हजाराच्या आसपास गेलं की किंचाळी ऐकू येते. फेरीच्या टोकाला मान पालटताना होणारा एकच ठप्प आवाज मात्र वेगळा. तो थोडाफार प्रत्येक गाडीत असतो.

अडकणं-सुटणं कधी होईल, ते काचेवर पाणी किती आहे आणि धार किती वेगाने सरकते यावर ठरतं. भरपूर पाणी आणि बऱ्यापैकी वेग असेल तर रबर पाण्याच्या थरावर जवळजवळ तरंगतं आणि घर्षण फारच कमी असतं. पाणी कमी झालं किंवा वेग घटला की थर फाटतो, रबर ठिकठिकाणी थेट काचेला चिकटतं आणि घर्षण एकदम चढतं. काच वाळत येताना, म्हणजे धड ओली नाही धड कोरडी नाही अशा अवस्थेत, ते सगळ्यात त्रासदायक होतं. आणि इथे खोच अशी की वेग कमी झाला की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की वेग आणखी कमी होतो. धार जवळपास थांबते, मागून आर्म ओढत राहतो, शेवटी ती सुटून पुढे झेपावते आणि वेग वाढताच घर्षण पुन्हा कमी. थरथर अशी स्वतःच स्वतःला पोसते.

वेगाचा अंदाज घ्यायचा तर वायपर मिनिटाला 45 वेळा जाऊन येतो असं धरा. एका बाजूची फेरी दोन तृतीयांश सेकंदाची झाली. काचेवर काटकोनाएवढा कंस असेल तर खुंटीपासून 60 सेंटिमीटरवरची धार त्या वेळात सुमारे 94 सेंटिमीटर सरकते, म्हणजे सरासरी सेकंदाला 1.4 मीटर. पण दोन्ही टोकांना ती शून्यावर येते. त्यामुळे थरथर बहुधा फेरीच्या सुरुवातीला किंवा शेवटाला आधी जाणवते आणि दुखणं वाढलं की सगळ्या कंसावर पसरते.

मग माझ्या काचेला काय झालं होतं? त्याचं उत्तर एका बादलीत होतं. गाडी बंद असताना काचेवर मगभर पाणी ओतलं. स्वच्छ काचेवर पाणी पसरून सलग पडदा होऊन उतरतं. माझ्या काचेवर त्याचे गोल थेंब झाले आणि ते मोत्यांसारखे गडगडत गेले. मग आठवलं, घाटात जायच्या आधी मी गाडी धुवायला दिली होती, आणि चमक यावी म्हणून तिथल्या मुलाने पॉलिशचं फडकं बॉनेटवरून थेट काचेवरही फिरवलं होतं. पॉलिशमधलं मेण आणि सिलिकोन काचेवर बसलं की पाणी काचेला धरत नाही. रिमझिम पावसात धारेला एक थेंब, मग कोरडी काच, मग थेंब, मग कोरडी काच, असा रस्ता मिळतो. कोरड्यावर अडकायचं, थेंबावर सुटायचं. म्हणजे थरथर काचेवर आयती मांडून ठेवलेली.

असा थेंब बनवणारा लेप काचेवर मुद्दाम लावणारेही आहेत, आणि ऐंशीच्या वेगाने महामार्गावर तो खरंच कामाचा असतो, कारण वाऱ्यानेच थेंब उडून जातात. शहरातल्या रिमझिमीत आणि सिग्नलच्या रांगेत मात्र त्याची किंमत आवाजाने मोजावी लागते. जुने ट्रकचालक वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू चोळायचे ते याच्या बरोबर उलट कारणासाठी. त्याने थेंब मोडतात, पाण्याचा सलग पडदा होतो आणि वायपर नसतानाही पलीकडचं दिसतं.

मी काच भांडी घासायच्या साबणाने दोनदा धुतली, तरी थेंब तसेच. शेवटी काचेच्या पॉलिशसाठी मिळणारी सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून फेल्टच्या तुकड्याने हाताने घासली. फार नाही, पंधरा-वीस मिनिटं, आणि मध्ये वाळू दिली नाही. पुन्हा मगभर पाणी ओतलं, ते पसरलं, आणि थरथर बंद झाली. दुकानदाराने लावलेल्या दोन्ही जोड्या चांगल्या होत्या.

काच स्वच्छ, रबर नवं आणि तरीही एकाच दिशेला थरथर होत असेल तर आर्मकडे पाहायचं. आर्म पिळला गेला असेल, धुताना कुणी जोरात ओढला असेल, तर ब्लेड काचेवर काटकोनात बसत नाही. मग एका दिशेला धार सहज कलते आणि दुसऱ्या दिशेला ती खडूसारखी पुढे ढकलली जाते. मिस्त्री पान्याने आर्म किंचित पिळून तो सरळ करतात. किंचित म्हणजे खरोखरच किंचित, आणि काचेवर जाड टॉवेल पसरून.

एकाच दिशेला थरथरण्याचं दुसरं कारण रबराच्या आत असतं, आणि आपल्याकडे तेच जास्त आढळतं. गाडी उभी असताना वायपर खाली टेकलेला असतो, म्हणजे मान एकाच बाजूला वाकलेली असते. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने ती तशीच राहते, वरून ऊन. रबर हळूहळू तो बाक स्वतःचा मानतं. पहिल्या पावसात मान पालटायची वेळ येते तेव्हा ती पालटत नाही आणि धार चुकीच्या कलाने ढकलली जाते. ब्लेड उचलून समोरून पाहिलं की कळतं. मोकळ्या हवेतही पट्टी एका बाजूला झुकलेलीच असेल, तर ते रबर गेलं.

यावर लोक उन्हाळ्यात वायपर उभे करून ठेवतात. त्याने बाक पडणं टळतं हे खरं, पण ऊन थेट रबरावर पडतं, आणि कुणा पोराने गंमत म्हणून सोडला तर आर्म फाडकन काचेवर आपटतो. मला विचाराल तर गाडी सावलीत लावणं शक्य नसेल तेव्हा काचेवर आडवं कापड टाकून वायपर त्याच्या आत घेणं बरं. आणि आठवड्यातून एकदा काच ओली करून चार फेऱ्या मारल्या की मानेला दोन्हीकडे वाकायची सवय राहते.

आता रबर कुठलं, हा प्रश्न. दुकानात मुख्यतः तीन जातीची रबरं भेटतात, पाकिटावर लिहिलेलं असो वा नसो.

पहिलं नैसर्गिक रबर, झाडाच्या चिकापासून होणारं, गंधकाने पक्कं केलेलं. धार धरायला आणि वाकून पुन्हा सरळ व्हायला याच्या तोडीचं दुसरं नाही. नव्या अवस्थेत सगळ्यात स्वच्छ पुसतं ते हेच. पण याच्या लांबलचक रेणूंच्या कण्यात ठरावीक अंतरावर दुहेरी बंध असतात, आणि हवेतला ओझोन नेमका तिथे घाव घालून साखळी तोडतो. ओझोन जमिनीलगत तयार होतो तो गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडून, म्हणजे शहरातल्या उन्हाळ्यात. गंमत अशी की सैल पडलेल्या रबराला ओझोन फारसं काही करत नाही. ताणलेल्या रबराला मात्र तो ताणाच्या आडवा चिरत जातो. वाकलेल्या मानेची बाहेरची बाजू कायम ताणलेली असते, म्हणून पहिली चीर तिथे पडते, ब्लेडच्या लांबीला समांतर.

यापासून बचाव म्हणून रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळतात. ती आतून हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि तिथे पातळ कवच धरतात. टायर उभा राहिला की त्यावर जी तपकिरी-करडी झाक येते ती याचीच. साठा संपेपर्यंत आतून नवा पुरवठा होत राहतो, संपला की संरक्षण संपलं. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनरने वायपर पुसणारे लोक हा साठाच धुऊन टाकतात. शिवाय या द्रवांनी रबर फुगतं. फुगल्यामुळे मऊ पडतं, दोन दिवस छान पुसतं, आणि माणूस आनंदाने शेजाऱ्यालाही तो उपाय सांगतो. आठवड्याने दोघांच्याही काचेवर रेघा असतात.

दुसरं इपीडीएम नावाचं कृत्रिम रबर. दारा-खिडक्यांच्या कडांना असलेल्या काळ्या पट्ट्या बहुधा याच्याच असतात. याच्या कण्यात ते दुहेरी बंध नाहीत, त्यामुळे ओझोन आणि ऊन याला फारसं बाधत नाहीत. वाकून सरळ होण्यात ते नैसर्गिक रबराच्या किंचित मागे पडतं. तेलाशी याचंही जमत नाही, म्हणून रॉकेलचा उपाय इथेही नको.

तिसरं सिलिकोन. याचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा, म्हणून उष्णता, ऊन, ओझोन सगळं सोसतं आणि वर्षानुवर्षं मऊ राहतं. पण फाटायला हलकं. कडेला छोटा काप गेला की तो लवकर वाढतो, आणि धुळीच्या रस्त्यावर कोरड्या काचेवर फिरवलं तर धार लवकर झिजते. चालताना ते काचेवर आपला पातळ थरही सोडत जातं आणि त्यावर पाण्याचे थेंब होतात. तो थर एकसारखा बसेपर्यंत सुरुवातीला थोडी थरथर होऊ शकते. किंमत अर्थातच जास्त.

रबराच्या जातीइतकंच त्याच्या त्वचेलाही महत्त्व असतं. कच्चं रबर काचेवर इतकं चिकटतं की ते सरकणारच नाही. म्हणून नैसर्गिक रबराच्या पृष्ठभागावर क्लोरिनची प्रक्रिया करून एक अतिशय पातळ कठीण साल तयार करतात, आत मऊ आणि बाहेर घसरती. त्यावर बऱ्याचदा ग्राफाइटचा लेप असतो. नव्या ब्लेडला हात लावल्यावर बोटं काळी होतात ती त्याने. धार खरखरीत झाली म्हणून पॉलिश पेपर मारणारे लोक ही साल आणि तो काटकोनी कोपरा, दोन्ही एकदम घालवून बसतात. साल गेली की थरथर, कोपरा गेला की रेघा.

माझं मत विचाराल तर महाराष्ट्रात, रोज उन्हात उभी राहणाऱ्या गाडीला, ग्राफाइट लावलेलं साधं नैसर्गिक रबर दरवर्षी बदलणं हे महागडं सिलिकोन तीन वर्षं वापरण्यापेक्षा बरं. पुसण्याची सफाई जास्त मिळते आणि धुळीचा काप गेला तर जीव हळहळत नाही. गाडी तळघरात उभी राहत असेल आणि बहुतेक प्रवास महामार्गावरचा असेल, तर उलटा निर्णयही बरोबर ठरेल. रबर बदलायचं कधी, याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. कंपन्या सहा महिने ते वर्ष सांगतात. पण आपल्याकडे पाऊस चार महिने आणि वाट पाहणं आठ महिने. दिवाळीत नवी घातलेली ब्लेडं पहिल्या पावसापर्यंत निम्मी म्हातारी झालेली असतात, काचेवर एक थेंब न पुसता. मेच्या शेवटच्या आठवड्यात घातली की त्यांची पहिली ताजी धार नेमकी जून-जुलैला मिळते. विकत घेताना पाकिटावर छापलेला महिना आणि वर्ष पाहावं, आणि दुकानाच्या दारात उन्हात टांगलेलं पाकीट घेऊ नये.

या वर्षी 26 मेला मी ब्लेडं बदलली. जुनी काढून दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवली आणि उजव्या बाजूच्या ब्लेडची मान दोन बोटांत धरून वाकवली. वरून अगदी धड दिसणाऱ्या त्या रबराच्या मानेवर, जिकडे ते वर्षभर झुकलेलं होतं त्याच्या बरोबर उलट बाजूला, सुईने ओढल्यासारखी एक चीर उघडली. दुसऱ्या बाजूने वाकवलं, तर तिकडे एकही नव्हती.